उत्पन्नरेषा आणि बहुआयामी निर्देशांक: तुलनात्मक चर्चा

भारतात गरिबी मोजणारी ‘उत्पन्न’रेषा म्हणतात ती खरे तर उपभोग-खर्चाची रेषा आहे. तेंडुलकर समितीच्या पद्धतीने 2011-12 साठी ती ग्रामीण भागात दरडोई दरमहा 816 रुपये, शहरात 1000 रुपये ठरली. महागाई, मजुरीतील घट, दुष्काळी वर्ष यांचा परिणाम तिच्यात लवकर उमटतो, हे तिचे बळ. पण पाण्यासाठी करावी लागणारी पायपीट तिला दिसत नाही. उलट, कर्ज काढून केलेला दवाखान्याचा खर्चही कुटुंबाला रेषेच्या वर ढकलू शकतो.

नीती आयोगाचा बहुआयामी गरिबी निर्देशांक आरोग्य, शिक्षण व राहणीमानातील 12 निर्देशक पाहतो. 2015-16 ते 2019-21 या काळात बहुआयामी गरिबांचे प्रमाण 24.85 टक्क्यांवरून 14.96 टक्क्यांवर आले. नंदुरबारसारख्या जिल्ह्यात नेमकी कोणती वंचितता जास्त, हेही त्यातून कळते. मात्र बँक खाते उघडले की तो रकाना सुटतो, खात्यात दमडी नसली तरी! रोजगार गेला, पक्के घर राहिले, तर निर्देशांक ढिम्म हलत नाही. निर्देशकांचे भारही शेवटी तज्ज्ञांनीच ठरवलेले. म्हणून प्रस्तुत निबंधात दोन्ही मोजमापांत न जुळणारी कुटुंबे स्वतंत्रपणे तपासली आहेत.