हिरवी कॅन

स्कूटर दारात लागली आणि माय हळदकुंकू आणायला आत गेली. तेवढ्यात बाबा गोठ्यातून टू-टी ऑइलची बाटली घेऊन आले. झाकण उघडलं, स्कूटरकडे पाहिलं, आणि बाटली गुपचूप पाठीमागे लपवली.

"वीस वर्षं लुना चालवली ना व. हात आपोआप जाते."

२०१६ची, ११० सीसीची, बत्तीस हजारांची. सोमवारपासून दर्यापूरच्या लॅबमध्ये रुजू व्हायचं होतं, जाऊन-येऊन अठ्ठावीस किलोमीटर.

"हे पाय," बाबा खाली बसले. "लुनाले पेट्रोलात ऑइल मिसळाव लागे. एकडाव मी इसरलो, तं बोरगावच्या चढावर पिस्टन जाम. तुही गाडी फोर-स्ट्रोक हाये. टाकीत निस्तं पेट्रोल. ऑइलचं घर येगळं."

मग हिरव्या कॅनकडे बोट दाखवलं. तिच्यात फवारणी पंपाचं मिसळलेलं पेट्रोल असतं. "घाईत हे टाकशीन नोको. धूर मारन अन् प्लग काळा होईन."

कॅनवर मी खडूनं मोठं 'पंप' लिहिलं.

गाडी मेन स्टँडवर घेतली. पाच मिनिटं चालवून बंद केली, थोडं थांबलो. बाबांनी ऑइलची पट्टी काढली, धोतराच्या फडक्यानं पुसली, आटे न फिरवता नुसती आत टेकवली आणि बाहेर काढून माझ्या हातात दिली. खालच्या रेघेच्याही खाली, टोकाला तेवढं काळं बोट लागलेलं.

"मालकानं कधी बदललं, त्यालेच ठाऊक. आपण आजच बदलू."

जुनं ऑइल निघालं ते काजळासारखं. डबा मात्र बाबांनी मलाच वाचायला लावला. १० डब्ल्यू ३०, खाली एमबी.

"मोटरसायकलचं काहून नाई चालत?"

"तिची क्लच ऑइलात बुडून राह्यते, म्हणून तिले एमए. तुह्या गाडीची क्लच कोरडी, पट्ट्यावर चालते. अन् पुस्तक पाह्यजो, माह्यावर भरोसा ठेवू नोको."

मागच्या चाकापाशी गिअर ऑइलचं आणखी एक छोटं बूच निघालं. ते बाबांनाही ठाऊक नव्हतं. पुस्तकात मीच शोधलं. त्यांनी नुसतं "हाव का?" म्हटलं आणि पाना माझ्याकडे सरकवला.

संध्याकाळी पंपावर गेलो. मी चालवत होते, बाबा मागे.

"मॅडम, महागवालं टाकू? पिकअप वाढते."

"साधंच टाका. दोनशेचं."

बाबा गप्प. वाटलं, आज काही बोलणार नाहीत. पोरानं नोझल टाकीत घातलं, तसा कानाशी आवाज आला.

"झिरो पाय, झिरो."