सागवान लाकूड कसे ओळखावे? सागवानी पलंग घेण्याआधी हे पाहा | नागपूरचा सुतार

वर्णन

सागवान लाकूड कसे ओळखावे, सागवानी डबल बेडला किती घनफूट लाकूड लागतं आणि पॉलिशखाली प्लाय लपलाय का, हे नागपूरच्या आमच्या छोट्या कारखान्यात पलंग उघडा ठेवून दाखवलं आहे. पलंग ६ × साडेसहा फुटांचा, पॉलिशचा एकही हात न लागलेला.

पॉलिश चढलं की आमच्यासारख्या सुतारालासुद्धा वरवर पाहून लाकूड सांगता येत नाही. रंग चढवून बाभूळही सागवानासारखी दिसते. म्हणून दुकानात चकचकीत पुढची बाजू पाहत बसू नका. खाली वाका, गादी उचलायला लावा, पायाचा तळ पाहा. तिथं सहसा कोणी पॉलिश करत नाही.

0:00 तीन तुकडे, यातलं सागवान कोणतं?
0:48 कापलेल्या टोकावरची कडी
2:35 गाभा आणि पांढरं लाकूड
4:20 वास आणि वजन
5:50 व्हिनिअर लावलेला प्लाय कसा पकडायचा
7:40 घनफूट मोजून दाखवलं
10:05 फळी खाचेत मोकळी का ठेवली
12:30 पाण्याच्या थेंबाची परीक्षा, आणि ती का चालत नाही

सगळ्यात भरवशाची खूण टोकाला असते. फळी आडवी कापली की तिथं झाडाच्या वर्षांच्या कड्या दिसतात. सागवानात प्रत्येक कडीच्या सुरुवातीला मोठी छिद्रं ओळीनं येतात, पुढं ती बारीक आणि विरळ होत जातात. टोक धारदार पटाशीनं साफ केलं तर ही ओळ नुसत्या डोळ्यांनी दिसते, मोबाईलचा कॅमेरा जवळ नेला तर आणखी स्पष्ट. आंबा किंवा बाभळीच्या तुकड्यावर छिद्रं अशी ओळीत नसतात, सगळीकडे पसरलेली असतात. व्हिडिओत तिन्ही तुकडे शेजारी ठेवले आहेत, तो भाग थांबवून पाहा.

दुसरी गोष्ट, सागवान खरं असलं तरी त्यातलं सगळंच लाकूड सारख्या कामाचं नसतं. आतला सोनेरी-तपकिरी गाभा उधईला पुरून उरतो, कारण झाडानंच त्यात नैसर्गिक तेलं आणि द्रव्यं भरून ठेवलेली असतात. कडेचं पिवळट-पांढरं लाकूड मात्र उधई आणि भुंगा दोघांनाही आवडतं. पलंगाखाली पिठासारखा बारीक भुसा पडतोय अशी तक्रार घेऊन लोक येतात, तेव्हा बहुतेकदा तो याच पांढऱ्या भागातून पडत असतो. एखाद्या कोपऱ्यात पांढरी रेघ आली तर आम्हीही ती चालवून घेतो, पण आतल्या, न दिसणाऱ्या पाट्यांना सरसकट पांढरं लाकूड लावलेलं दिसलं तर भाव पाडून मागा.

वास ताज्या रंध्याचाच घ्यावा. सागवानाला थोडा चामड्यासारखा वास येतो. जुन्या किंवा पॉलिश केलेल्या लाकडावर या परीक्षेचा उपयोग नाही. वजनाचा अंदाज असा: वाळलेल्या सागवानाचं एक घनफूट साधारण १८ किलोच्या आसपास भरतं. म्हणजे ६ फूट लांब, ६ इंच रुंद, १ इंच जाड फळी साडेचार ते पाच किलोची. तीच फळी सात किलो भरली तर एक तर ती ओली आहे किंवा आडजात आहे.

घनफूट काढायला लांबी फुटांत, रुंदी आणि जाडी इंचांत घ्या, तिन्हींचा गुणाकार करा आणि १४४ नं भागा. पलंगाची बाजूची पट्टी साडेसहा फूट, ८ इंच, सव्वा इंच. ६.५ × ८ × १.२५ म्हणजे ६५. भागिले १४४ म्हणजे ०.४५ घनफूट. या पलंगात तयार मापानं सुमारे ५ घनफूट लाकूड आहे. कापाकापी, गाठी आणि रंध्यात जाणारं धरून आरामशीनवरून आम्ही सुमारे ७ घनफूट आणलं. एक इंची म्हणून घेतलेली फळी रंधून पाऊण इंचाच्या आसपास राहते, यात फसवणूक काही नाही. पण बिल कच्च्या मापाचं आहे की तयार मापाचं, हे आधीच विचारा. निम्मी भांडणं इथंच सुरू होतात.

नागपुरात मे महिन्यात ४५ अंशांची कोरडी आग, त्याच खोलीत रात्रभर कूलरची ओल आणि पुढं जुलै-ऑगस्टचा दमट पाऊस. लाकूड या हवेबरोबर रुंदीत आक्रसतं आणि फुगतं. सागवान यात बरंच शांत लाकूड, तरी १२ इंची फळी वर्षभरात दोनेक मिलिमीटर हलू शकते. म्हणून डोक्याकडची रुंद फळी आम्ही चौकटीच्या खाचेत मोकळी ठेवतो, फेव्हिकॉल लावत नाही. चारी बाजूंनी चिकटवून टाकली की उन्हाळ्यात मधोमध तडा जातो आणि दोष लाकडाच्या माथी मारला जातो.

आमच्याकडचं लाकूड कुठलं, हे विचारणाऱ्यांसाठी: विदर्भात चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या जंगलांतलं सागवान बाजारात 'सीपी टीक' या जुन्या नावानंही ओळखलं जातं. सीपी म्हणजे मध्य प्रांत, ज्याची राजधानी नागपूर होती. बल्लारशाहच्या डेपोत वनविकास महामंडळ लिलाव करतं. २०२३ मध्ये उद्घाटन झालेल्या नव्या संसद भवनाचं सागवानही नागपूरचं म्हणून गाजलं, आणि तेव्हापासून प्रत्येक फळी बल्लारशाहचीच आहे असं सांगणारे वाढले. परदेशी लागवडीचं सागवानही बाजारात मुबलक आहे. तेही सागवानच, कमी वयाच्या झाडाचं असेल तर पांढरा भाग जास्त निघतो, एवढं पाहून घ्या. जंगली लाकडाच्या नावावर जास्त भाव सांगत असतील तर लाकडाचं बिल आणि वाहतूक परवाना दाखवायला सांगा. खरा व्यापारी रागावत नाही.

आम्ही नागपुरात सागवानी पलंग, दिवाण, देव्हारा, डायनिंग टेबल आणि दारं मापानं बनवतो. जुन्या सागवानी फर्निचरची दुरुस्ती आणि पॉलिशही करतो. पलंग पॉलिशच्या आधी पाहायला यायचं असेल तर चॅनलच्या माहितीत दिलेल्या व्हॉट्सअप नंबरवर आदल्या दिवशी कळवा.

#सागवान #सागवानीपलंग #नागपूर

पिन केलेली कमेंट

राजेहो, 'भाऊ, हा पलंग केवढ्यात पडला?' हा प्रश्न येणारच, म्हणून आधीच लिहून ठेवतो.

एक आकडा सांगितला तर तो पुढच्या लिलावापर्यंतही टिकत नाही. त्यापेक्षा हिशोब घ्या. तुमच्या गावात आज सागवानाचा घनफुटाचा भाव काय आहे तो विचारा आणि त्याला ७ नं गुणा. झाली लाकडाची किंमत. मग मजुरी, पॉलिश आणि बोल्ट-कब्जे वेगळे लिहून मागा. लाकूड आणि मजुरी एकाच आकड्यात गुंडाळून सांगणाऱ्याकडून हे वेगळं करून घ्याच, कारण त्याशिवाय दोन सुतारांचे भाव ताडून पाहता येत नाहीत. लाकडाचा भाव विचारताना 'कितव्या गोलाईचं' हेही विचारा. जाड लठ्ठ्यातून रुंद, बिनगाठीच्या फळ्या निघतात, म्हणून त्याचा भाव चढा असतो. पलंगाच्या पाट्यांना तेवढं महाग लाकूड लागत नाही. पैसे वाचवायचे असतील तर तिथं वाचवा, बाजूच्या पट्ट्यांत नको.

हायड्रॉलिक पाहिजे का? सामान ठेवायला सोय आहे, नाही म्हणत नाही. पण वरचा पाट भरीव सागवानाचा केला तर तो उचलता उचलता शॉकर लवकर दम सोडतात. हायड्रॉलिकमध्ये चौकट सागवानाची आणि वरचा पाट प्लायचा, हेच बरं. प्लाय आयएस ३०३ चा बीडब्ल्यूआर घ्या. बेडरूमला ७१० चा मरीन प्लाय विकणाऱ्याला विचारा, पलंग अंबाझरी तलावात ठेवायचाय का!

प्लायवर सागवानी व्हिनिअर म्हणजे फसवणूक नव्हे. मोठ्या कपाटाच्या दारांना आम्हीही तेच सुचवतो, पिळत नाही. फसवणूक होते ती भरीव सागवानाच्या भावात ते गळ्यात मारतात तेव्हा. ओळखायचं सोपं आहे: फळीच्या वरच्या रेघा कडेवरून वळून टोकापर्यंत जुळत गेल्या पाहिजेत. कडेला वेगळी पट्टी चिकटवलेली दिसली आणि रेघा तिथंच तुटल्या, तर आत प्लाय आहे.

पॉलिशनं उधई थांबते का, असं बरेच जण विचारतात. नाही थांबत. उधई जमिनीतून, भिंतीतून वर येते. पलंग भिंतीला खेटून ठेवू नका, खाली हवा खेळू द्या, आणि भिंतीवर मातीची रेघ चढताना दिसली तर आधी घराचा बंदोबस्त करा, नंतर पलंगाचा.

घरात आजोबांच्या वेळचा पलंग असेल तर विकायची घाई करू नका. वरचं काळं पडलेलं पॉलिश आहे, लाकूड नव्हे. पायाखालचा तळ थोडा घासून पाहा. जुन्या पलंगाची लांबी बरेचदा आजच्या गादीला पुरत नाही, पण फळ्या निघाल्या की त्यातून दिवाण किंवा देव्हारा छान होतो. रंध्याखाली खिळे येतात म्हणून त्याची मजुरी थोडी जास्त लागते, ती आधी ठरवा.

ज्यांना आपलं लाकूड ओळखून पाहिजे त्यांनी पॉलिश केलेल्या पुढच्या बाजूचा फोटो पाठवू नये, त्यावरून कोणीच छातीठोक सांगू शकत नाही. कापलेल्या टोकाचा फोटो, उजेडात, शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून व्हॉट्सअपवर टाका. फळीची लांबी, रुंदी, जाडी आणि वजन जमलं तर लिहा. फोटोवरूनही शंका राहिली तर तसं स्पष्ट सांगू, तुकडा घेऊन यावं लागेल.

खाली एवढं लिहा: तुमच्या गावात सागवानाचा घनफुटाचा भाव सध्या काय चालू आहे, आणि कोणत्या गोलाईच्या लाकडाचा? वर्धा, अमरावती, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया, सगळीकडचे भाव आले की इथंच खाली एकत्र करून ठेवतो. पुढचा व्हिडिओ देव्हाऱ्याचा आहे. त्यात कुसू भोकात बसवून खिळ्याशिवाय जोड कसा करायचा ते दाखवणार आहोत. त्यात आणखी काय पाहायचं असेल तेही सांगा.