मनीच्या पहिल्या किचनसाठी किराण्याची यादी

प्रिय मने,

काल तू किचनचे फोटो पाठवलेस ते रात्री परत एकदा नीट बघितले. ओटा छोटा आहे पण चालेल, खिडकी आहे हे बेस्ट, आणि ती भिंतीवरची तीन फळ्यांची मांडणी, त्यातली सगळ्यात वरची बरोब्बर शेगडीच्या डोक्यावर आलीय, तिच्यावर खायचं काहीही ठेवू नकोस. का ते पुढे सांगतो.

आधी तुझी यादी. ४१ वस्तू! त्यात तीन प्रकारचं व्हिनेगर! अगं तू एकटी राहणारेस, हॉटेल नाही काढणार. कुठलातरी व्हिडिओ बघून केलीयस ना, कळतं मला, कारण मी पण असंच केलेलं, पहिल्या रूमवर गेलो तेव्हा चोवीस बाटल्यांचा मसाल्यांचा सेट आणला, त्यातल्या सोळांची सील तशीच होती रूम सोडताना.

तर यादी बाजूला ठेव आणि एका कागदावर लिही की रात्री साडेनऊला दमून आलीस, कुणी मदतीला नाही, तर तू स्वतःच्या हाताने नक्की काय करून खाशील. जे यायला हवं ते नको, जे खरंच करशील ते लिही. मला माहितीय तुझं काय येणार: खिचडी, ऑम्लेट आणि तो तुझा लसूण घातलेला पास्ता. झालं, आता या तिघांना काय काय लागतं ते बघ, अर्धी यादी तिथेच तयार होते, आणि जे या तिघांपैकी कशातच जात नाही ते पहिल्या महिन्यात आणायचं नाही.

आता माझी यादी. एका माणसाच्या एका महिन्याची, रोज एकदाच घरी जेवशील असं धरून.

तांदूळ २ किलो. हिशोब सोपा आहे, एका वेळेला साधारण ७५ ग्रॅम कोरडा तांदूळ पुरतो, वीस वेळा केलास तर दीड किलो, वर थोडा हात सैल. पांढराच घे. ब्राउन घ्यायचा असेल तर अर्धा किलोच, कारण त्याच्या कोंड्यात तेल असतं ते खवट होतं, पांढरा मात्र कोरडा राहिला तर वर्षभर काही होत नाही त्याला.

डाळी मिळून १ किलो, म्हणजे दोन प्रकार अर्धा अर्धा. एक मूग किंवा मसूर घेच, भिजवायची कटकट नाही, अर्ध्या तासात जेवायला बसतेस. राजमा तुझ्या यादीत आहे, आवडतो माहितीय, पण मग एक नियम पाळायचा: रात्रभर भिजवायचा, ते पाणी फेकायचं, आणि नव्या पाण्यात चांगला अर्धा तास खळखळ उकळायचा नाहीतर सरळ कुकर लावायचा. मंद आचेवर नुसता कोमट कोमट ठेवून मऊ करायचा नाही. कच्च्या राजम्यात एक विषारी द्रव्य असतं, ते जोरात उकळल्याशिवाय जात नाही, आणि चार-पाच दाणे अर्धेकच्चे पोटात गेले तरी उलट्या सुरू होतात.

कणीक २ किलो, जास्त अजिबात नको. इथे माझी गोष्ट ऐक. स्वस्त पडतं म्हणून मी दहा किलोची पिशवी आणली होती, आणली, कोपऱ्यात ठेवली, तोंड नुसतं दुमडलं, आणि मग परीक्षा, मग सुट्टी. दोन महिन्यांनी चाळायला घेतलं तर चाळणीतून पीठ खाली पडेचना. चाळणी आपटली तर पिठाचे गोळे एकमेकांना धरून लोंबायला लागले, जवळ नेऊन बघितलं तर मध्ये बारीक पांढरे धागे, कोळ्याच्या जाळीसारखे, आणि त्या धाग्यावरून एक अळी निवांत चाललेली. वर मान करून बघितलं तर छताच्या कोपऱ्यात तिचे आईबाप, ते करडे छोटे पतंग. जवळपास नऊ किलो पीठ फेकलं. आणि फक्त पीठ नाही, शेजारी रव्याचं पाकीट होतं, शेंगदाणे होते, सगळ्यात शिरले होते.

म्हणून आता मी काय करतो, पीठ, रवा असलं काही आणलं की पाकिटासकट आठवडाभर फ्रीझरमध्ये टाकतो, अंडी दुकानातूनच येतात बऱ्याचदा, ती थंडीने मरतात. बाहेर काढल्यावर लगेच फोडायचं नाही हां, पूर्ण नॉर्मल होऊ द्यायचं, नाहीतर आतल्या पिठाला घाम फुटतो आणि गोळे होतात. मग घट्ट झाकणाच्या डब्यात. तुझा फ्रीज छोटा आहे, सगळं मावणार नाही, तर निदान पीठ तरी.

तेल १ लिटर. पाच लिटरचा कॅन ऑफरमध्ये दिसेल, बघायचं पण नाही तिकडे. तेल उघडल्यावर त्याला हवा, उजेड आणि उष्णता तिन्ही नको असतात, म्हणून शेगडीशेजारी बाटली ठेवायची सवय लावू नकोस, कितीही सोयीचं असलं तरी. खवट झालंय का ते नाकाला कळतं, जुन्या रंगाच्या डब्यासारखा वास येतो.

मीठ १ किलो, आयोडीनवालं. साखर अर्धा किलो. दोन्ही खराब होत नाहीत, फक्त सादळतात, आणि साखरेला मुंग्या लागतात. पण कृपा करून दोन्ही एकसारख्या बरण्यांत भरू नकोस. मी घरमालकांना पहिल्यांदा चहाला बोलावलं होतं आणि... असो. त्यांनी पूर्ण कप प्यायला, एक शब्द बोलले नाहीत, मी माझा घोट घेतला तेव्हा मला कळलं. तेव्हापासून मीठ काचेच्या रुंद बरणीत आणि साखर स्टीलच्या डब्यात.

चहा २५० ग्रॅम. कॉफी पीत असशील तर ५० ग्रॅमची लहान बाटली, आणि चमचा कोरडा घालायचा, ओला चमचा गेला की दोन दिवसांत दगड.

मसाले. हळद, तिखट, जिरं, मोहरी, मिरी. पाच. बस. हळद-तिखट १०० ग्रॅम, बाकी ५० ग्रॅम. दळलेले मसाले सहा महिन्यांत नुसता रंग उरतात, खडे मसाले वर्ष-दोन वर्ष टिकतात, म्हणून मिरी अख्खी घे आणि लागेल तशी कुट, तुझ्या ऑम्लेटला फरक लगेच कळेल. आणि आता ती वरची फळी: शेगडीची वाफ आणि धग सरळ तिथे जाते. मसाले तिथे ठेवलेस तर वास उडणार, आणि उकळत्या भांड्यावर बाटली उपडी करून मसाला घातलास तर वाफ आत जाऊन गोळा होणार, म्हणून आधी चमच्यात नाहीतर वाटीत काढायचा, मग भांड्यात. त्या फळीवर मोठी पातेली, कुकर वगैरे ठेव.

पास्ता अर्धा किलोची दोन पाकिटं. टोमॅटो प्युरीचे छोटे डबे दोन, मोठा नको, उघडला की उरलेलं दुसऱ्या डब्यात काढून फ्रीजमध्ये, तीन-चार दिवसांत संपवायचं. एक व्हिनेगर, एक! शेंगदाणे पाव किलो. मध लागेल तर छोटी बाटली, थंडीत साखरेसारखा घट्ट झाला तर फेकू नकोस, खराब नसतो तो, कोमट पाण्यात बाटली ठेव, परत पातळ होतो.

कांदे १ किलो, बटाटे १ किलो, लसूण १०० ग्रॅम. कांदे-बटाटे एका टोपलीत नको, शेजारी राहिले की दोघंही लवकर जातात. कांद्याला हवा हवी, बटाट्याला अंधार. बटाटा उजेडात हिरवा पडतो आणि हिरवा पडला की कडू आणि विषारी, थोडासा असेल तर तेवढा भाग खोल कापून टाक, जास्त असेल तर अख्खा फेक. प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून तर दोन्ही ठेवायचे नाहीत, तिसऱ्या दिवशी तळाला पाणी सुटून जो वास येतो तो शेजाऱ्यांपर्यंत जातो, अनुभव आहे.

अंडी बारा.

खायचा सोडा १०० ग्रॅम. खायला कमीच लागेल पण सिंक, करपलेलं पातेलं, फ्रीजमधला वास सगळ्याला चालतो. आणि हे नीट वाच: कढईतल्या तेलाने कधी पेट घेतला तर पाणी टाकायचं नाही, कधीच नाही, भडका उडतो. गॅस बंद, वर मोठं झाकण सरकवायचं आणि तसंच राहू द्यायचं, उचलून बघायचं नाही. म्हणून एक मोठं सपाट झाकण नेहमी हाताशी ठेव.

सिंकखालच्या कपाटात खायचं काही नको, तिथे ओल असते आणि पाइप गळला की तुला आठवड्याने कळणार. तिथे साबण, घासण्या, केराच्या पिशव्या.

एक कागदी चिकटपट्टी आणि मार्कर घे, प्रत्येक डब्यावर काय आहे आणि कधी उघडलं ते लिही. नवीन पाकीट आणलंस की जुन्यावर ओतायचं नाही, आधी जुनं संपव, डबा धू, पूर्ण वाळव, मग भर. जरा ओला डबा राहिला की तळाचं पीठ आंबतं.

आणि भात उरला तर रात्रभर ओट्यावर ठेवू नकोस. तासाभरात पसरट डब्यात काढून फ्रीजमध्ये, दुसऱ्या दिवशी संपवायचा. गरम केलं की सगळं ठीक होतं असं तुला वाटतं, पण तसाच बाहेर राहिलेल्या भातात जे विष तयार होतं ते परत गरम करून जात नाही.

पहिल्या दिवशी सगळं आणायला जाऊ नकोस, दोन फेऱ्या कर. पहिल्या फेरीत तांदूळ, डाळ, मीठ, तेल, हळद, जिरं, कांदे, अंडी आणि चहा-साखर, एवढ्यावर आठवडा आरामात निघतो. त्या आठवड्यात स्वयंपाक करताना जे जे हाताला लागलं नाही ते फ्रीजच्या दारावर लिहीत जा, दुसरी फेरी त्या कागदावरून.

आई डबे पाठवणारे, सात आहेत, चार स्टीलचे तीन काचेचे. काचेच्यांची झाकणं माझ्याकडे राहिलीत, त्यातल्या एकाचं रबर गेलंय. शनिवारी येतोय तेव्हा घेऊन येतो, तोपर्यंत काचेच्यात काही भरू नकोस. आणि शनिवारी पास्ता तू करायचा, मी बसून खाणार.

तुझा,
दादा

ता.क. काडेपेटी किंवा लायटर! दोघंही विसरलो. मी पहिल्या रात्री सगळा किराणा घेऊन बसलो होतो आणि शेगडी पेटवायला काही नव्हतं, शेवटी बिस्किटं खाऊन झोपलो.