फॉर्म भरला, आता अभिनंदन

मानसी,

तुमच्या ड्रायरच्या कंपनीतल्या गुंतवणुकीच्या टर्मशीटवर सह्या झाल्याचं तू डिसेंबरात कळवलंस, तेव्हा मी मुद्दाम "छान!" एवढंच लिहिलं होतं. टर्मशीट म्हणजे फार तर साखरपुडा. त्यानंतर कागदपत्रांची छाननी, मूल्यांकनाचा अहवाल, भागधारकांचा करार, वेगळ्या बँक खात्यात रक्कम, मग शेअर्सचं वाटप. आणि वाटपाची माहिती देणारा पीएएस-3 हा फॉर्म कंपनी निबंधकांकडे दाखल होईपर्यंत त्या रकमेतला रुपयाही वापरता येत नाही. यातल्या कुठल्याही पायरीवर गाडं अडतं, आणि आधीच पेढे वाटलेल्याला मग सगळ्यांना उत्तरं देत बसावं लागतं. काल तुझा मेसेज आला, "फॉर्म भरला, आता स्टीलची ऑर्डर देऊ शकतो." म्हणून आज सविस्तर लिहिते.

आठ टक्के हिश्शावर चाळीस लाख, तेही ओळखीपाळखीच्या बाहेरच्या माणसांकडून! तुझं, सचिनचं आणि वर्कशॉपवरच्या सगळ्यांचं अगदी मनापासून अभिनंदन. माका खूप बरां वाटला गो.

हे पैसे कशावर आले, ते मला ठाऊक आहे. आमसुलाचं काम बाहेरून सोपं दिसतं. कोकम फोडायचं, बिया काढायच्या, साल वाळवायची, मीठ घातलेल्या रसात बुडवायची, पुन्हा वाळवायची, असं पुटावर पूट. उन्हात आठवडा जातो, आणि मे महिन्याच्या शेवटी वळवाची एक सर आली की अर्धा माल बुरशीला. ड्रायर हवा हे सगळ्यांनाच कळत होतं. पण कोकमाची आंबट साल आणि वर मीठ, यापुढे धातू टिकत नाही, हे तुमच्या पहिल्या यंत्राने दाखवलं. जस्ताच्या पत्र्याचे ट्रे एका हंगामात पांढरे पडून खाल्ले गेले. नंतरच्या 304 स्टीललासुद्धा मिठाने बारीक खड्डे पाडले. शेवटी तुम्ही स्टील फक्त चौकटीला ठेवलंत आणि सालीखाली खाद्य दर्जाची प्लास्टिकची जाळी आणलीत. मागची जाळी मी हातात घेऊन पाहिली आहे. चार कोपऱ्यांना चार खटके, एका झटक्यात सुटते आणि साध्या पाण्याने धुता येते. धुणारी बाई समोर ठेवून केलेलं काम आहे ते.

तापमानाचंही तसंच. लवकर उरकायचं म्हणून आच वाढवली की साल वरून कडक होते आणि आतलं पाणी आतच अडकतं. माल वाळलेला दिसतो, पिशवीत भरला की पंधरा दिवसांत बुरशी. तुम्ही 55 अंशांवर थांबलात, पंख्याचा वारा वाढवलात आणि वरचे-खालचे ट्रे दर चार तासांनी बदलायचा तक्ता दारावरच चिकटवलात. जलद यंत्र विकायला सोपं गेलं असतं. तुम्ही चांगलं आमसूल देणारं यंत्र केलंत, याचा मला फार अभिमान वाटतो.

आणि भाड्याचा निर्णय! बचत गटाला हंगामाच्या तीन महिन्यांपुरतंच यंत्र हवं असतं, बाकीचे नऊ महिने ते पडवीत जागा अडवतं. म्हणून तुम्ही यंत्र विकण्याऐवजी भाड्याने देऊ लागलात. त्यात पैसा तुमचा अडकला आणि दुरुस्तीही तुमच्याच गळ्यात आली, पण पाट-परुळ्यापासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या बायकांना कर्ज काढावं लागलं नाही. बिघाडाची वही गुंतवणूकदारांपुढे जशीच्या तशी ठेवलीस, जळालेल्या मोटारींसकट, असं सचिन सांगत होता. ती वही वाचून त्यांनी होकार दिला. मला या सगळ्यात सर्वात मोठं वाटलं ते हे.

मागचं दीड वर्ष पगार न घेता काढलंत तुम्ही दोघांनी. आता दोघांचाही पगार सुरू होणार, हे ऐकून पंधरा नव्या यंत्रांइतकाच आनंद झाला. आईंनाही माझ्यातर्फे सांग. त्यांच्या मागच्या पडवीत पहिला ट्रे जोडला गेला होता.

या पत्राला उत्तर लिहीत बसू नकोस. मार्चच्या आत यंत्रं उभी करायची आहेत, तेव्हा तुझ्याकडे वेळ किती असेल याची कल्पना आहे. 14 तारखेला मी कुडाळात आहे. संध्याकाळी सहाला वर्कशॉपवर येते, सगळ्यांसाठी खाजा आणि गरम भजी घेऊन. नव्या यंत्राचं दार तेवढं उघडून दाखव. वाऱ्याची वाट या वेळी खालून काढलीत म्हणे, ती बघायची आहे.

तुझी,
शलाका