सायली, बायोकेमच्या नोट्स हव्या होत्या

सायली, झोपली असशील तर सकाळी वाच.

गेल्या सोमवारपासून मी वर्गात नाही, कारण कांजिण्या. हो, या वयात! ताप उतरलाय, पण शेवटच्या फोडावर खपली धरेपर्यंत घराबाहेर पाऊल टाकायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. म्हणजे अजून तीन-चार दिवस गेलेच. म्हणून तुझी वही मागत नाहीये, फोटो पाठवलेस तरी भागेल.

माझे बायोकेमचे चार तास बुडाले. क्रेब्स सायकल पुस्तकातून वाचली. एका फेरीत ३ एनएडीएच, १ एफएडीएच२ आणि १ जीटीपी, आणि ग्लुकोजच्या एका रेणूमागे दोन फेऱ्या, इथपर्यंत गाडी नीट आली. पुढे एकूण एटीपी मोजताना अडकलेय. एका पुस्तकात ३८, दुसऱ्यात ३० ते ३२. जुना हिशोब एनएडीएचमागे ३ एटीपी धरतो आणि नवा २.५, एवढं कळलं. पण मॅडमनी वर्गात कुठला धरला? चाचणीत तोच लिहावा लागणार. ते पान आणि इलेक्ट्रॉन ट्रान्सपोर्ट चेनची आकृती, ही दोन आधी पाठव. बाकीचं सवडीने. आकृतीत इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉनचे बाण तू वेगवेगळ्या पेनांनी काढतेस, म्हणून तर तुझ्याच मागे लागलेय. माझ्या वहीत सगळे बाण निळे असतात आणि आठवड्याने मलाच कळत नाही कोण कुठे चाललंय.

फुकट नको. स्पर्धेमुळे तुझे एन्झाइम कायनेटिक्सचे दोन तास बुडाले होते ना? त्याचा सारांश माझ्याकडे तयार आहे, दीड पान. Km म्हणजे वेग Vmax च्या निम्मा असतो तेव्हाचं सबस्ट्रेटचं प्रमाण, इथून सुरुवात केलीय. कॉम्पिटिटिव्ह इनहिबिटरमध्ये Km वाढतो, Vmax तसाच राहतो. निव्वळ नॉन-कॉम्पिटिटिव्हमध्ये उलट, Vmax घटतो आणि Km हलत नाही. दोन्हींचे आलेख शेजारी शेजारी काढलेत, कारण मी स्वतः तिथे दोनदा चुकले. उद्या सकाळी फोटो काढून पाठवते. तुझ्या नोट्स येवोत न येवोत, हे मिळेलच.

शिवाय तुझ्या नोट्सवरून क्रेब्स आणि चेन मिळून दोन पानी सारांश करेन आणि आधी तुला दाखवेन. चुकलं असेल तिथे खुशाल लाल रेघ मार.

चाचणी पुढच्या गुरुवारी आहे, त्यामुळे रविवारपर्यंत मिळालं तर मला पुरे. तुझाच अभ्यास राहिला असेल तर मोकळेपणी नाही म्हण, मी दुसऱ्या कुणाला तरी विचारेन. आणि हो, फोटो काढताना वही उजेडात सपाट ठेव गं. मागच्या वेळी अर्ध्या पानावर तुझ्या हाताची सावली होती, आणि नेमका त्याखालीच सायट्रेट सिंथेज!

रेवती