पावसाळी पहाट : मालिनी वृत्तातील पाच श्लोक

(वृत्तशास्त्र परीक्षा. प्रश्न : 'पावसाळी पहाट' या विषयावर मालिनी वृत्तात पाच श्लोक रचा. वृत्ताचे लक्षण, लगक्रम, गण व यती दाखवा आणि लघुगुरूंविषयी जेथे शंका येऊ शकते तेथे आपल्या निर्णयाचे कारण द्या.)

सरत सरत आली रात्र ही पावसाची,
पुसट उमटली ती रेघ का केशराची?
अजुन टपटपे हे छप्पराहून पाणी,
भिजत जुळवती ती पाखरे मंद गाणी. ॥१॥

अविरत घुमतो हा नाद या बेडकांचा,
थकुन विरत गेला सूर तो कीटकांचा;
जडपण धरुनी तो धूर कौलांत राही,
निघुन वर चढाया वाट वाऱ्याचि पाही. ॥२॥

बिलगत ढग गेले डोंगरांच्या कड्यांना,
अवखळ बळ आले धावणाऱ्या झऱ्यांना;
तृणदल झुकलेले थेंब घेऊन डोले,
क्षणभर उजळे हे रान सारेच ओले. ॥३॥

चिखल तुडवती ते बैल बांधावरूनी,
लगबग जन जाती घोंगडी पांघरूनी;
लवलव करिती ती कोवळी भातरोपे,
गजबजति घरे ही, ना कुणी आज झोपे. ॥४॥

पळभर घन झाले दूर, ये सूर्य दारी,
लखलखत उभे हे नीर साऱ्या शिवारी;
परतुन सर येता सूर्य मेघी बुडाला,
भिजत भिजत ऐसा दीस मार्गी निघाला. ॥५॥

लक्षण आणि लगक्रम

मालिनी हे पंधरा अक्षरांचे समवृत्त असून त्याच्या प्रत्येक चरणात न, न, म, य, य हे पाच गण याच क्रमाने येतात. 'ननमयय गणांनी मालिनी वृत्त होते' हा मराठीतील रूढ लक्षणचरण स्वतःच मालिनीत आहे, त्यामुळे तो म्हणताच चाल कानात बसते. संस्कृत लक्षण 'ननमयययुतेयं मालिनी भोगिलोकैः' असे असून त्यातील 'भोगी' म्हणजे आठ नाग आणि 'लोक' म्हणजे सात लोक, म्हणजेच पहिली यती आठव्या अक्षरावर आणि दुसरी त्यापुढील सात अक्षरांनंतर चरणाच्या अखेरीस, अशी सूचना त्यात संख्यावाचक शब्दांतून दिलेली आहे. लगक्रम असा :

ल ल ल ल ल ल ग ग, ग ल ग ग ल ग ग

चरणात आठ लघू आणि सात गुरू असल्यामुळे एकूण २२ मात्रा होतात. त्यांपैकी यतीपूर्वीच्या आठ अक्षरांच्या वाट्याला १० आणि नंतरच्या सात अक्षरांच्या वाट्याला १२ मात्रा येतात, म्हणजे अक्षरे कमी होऊनही उत्तरार्ध लांबतो. प्रस्तारपद्धतीने पाहिल्यास लघू १ ते ६, १० आणि १३ या स्थानी आहेत; त्या स्थानांचे अंक अनुक्रमे १, २, ४, ८, १६, ३२, ५१२ व ४०९६ असून त्यांची बेरीज ४६७१ होते आणि तीत एक मिळवला की अतिशक्वरी छंदाच्या ३२७६८ भेदांत मालिनीचा क्रमांक ४६७२ येतो.

तिसऱ्या श्लोकाच्या पहिल्या चरणाची गणविभागणी पुढीलप्रमाणे होते :

बिलग (न), तढग (न), गेलेडों (म), गरांच्या (य), कड्यांना (य)

येथे एक गोष्ट नीट पाहावी लागते. यती 'गेले' या शब्दानंतर आहे, पण म गण 'डों' या नवव्या अक्षरापाशी पुरा होतो. म्हणजे गणाची सीमा आणि यतीची सीमा मालिनीत जुळत नाही. गण पाडताना शब्द तुटतो, हे चालते, कारण गण ही केवळ मोजणीची सोय आहे. यतीवर शब्द तुटला तर मात्र म्हणणाऱ्याचा श्वास शब्दाच्या मधोमध अडकतो, म्हणून वरील एकाही चरणात आठव्या अक्षरावर शब्द अर्धा राहू दिलेला नाही. शेवटच्या चरणात 'भिजत' (न), 'भिजत' (न), 'ऐसादी' (म), 'समार्गी' (य), 'निघाला' (य) अशी फोड होते आणि आरंभीचे दोन व अखेरचा एक गण आपोआप पूर्ण शब्दांवर येतात.

हे वृत्त या विषयाला का शोभते

प्रभातवर्णन आणि मालिनी यांचे नाते जुने आहे. माघाच्या 'शिशुपालवध' या महाकाव्याचा अकरावा सर्ग पहाटेच्या वर्णनाचा असून तो प्रामुख्याने याच वृत्तात आहे. परंतु केवळ परंपरा म्हणून नव्हे, तर पावसाळी पहाटेची लय ऐकली तरी हेच वृत्त सुचते, असे माझे मत आहे. सहा लघू एकापाठोपाठ येतात तेव्हा सर कोसळल्याचा वेग जाणवतो, मग दोन गुरूंवर ती थबकते आणि यतीनंतरच्या सात अक्षरांत गुरूंच्या जोड्यांमधून एकेक लघू टपकत राहतो. 'अजुन टपटपे हे' या भागातला सुटा सुटा नाद आणि 'छप्पराहून पाणी' या भागातला लांबलेला उच्चार ही दोन्ही या रचनेची देणगी आहे. ती मुद्दाम आणावी लागत नाही. योग्य शब्द योग्य जागी ठेवला की वृत्त ते काम करते. उत्तरार्धाचा 'ग ल ग ग ल ग ग' हा तुकडा मंदाक्रांतेच्या अखेरच्या सात अक्षरांतही जसाच्या तसा येतो, आणि त्या वृत्ताचा संथपणा ज्यांच्या ओळखीचा आहे त्यांना मालिनीच्या दुसऱ्या अर्ध्यातली विसावण्याची जागा लगेच ओळखू येईल.

मराठीत या वृत्ताची खरी परीक्षा पहिल्या सहा अक्षरांत असते. आपल्या भाषेत शब्दांच्या शेवटी ई, ऊ, ए, आ, ओ सतत येतात आणि बहुतेक विभक्तिप्रत्ययही दीर्घ असतात, त्यामुळे नामाला प्रत्यय लागला की लघूंची रांग मोडते. म्हणून पूर्वार्धात 'सरत', 'भिजत', 'बिलगत', 'लखलखत' अशी त-कारान्त कृदन्ते आणि 'ढग', 'जन', 'घन', 'बळ' यांसारखी प्रत्ययरहित नामे अधिक आली आहेत, तर 'डोंगरांच्या', 'बेडकांचा', 'छप्पराहून' यांसारखी प्रत्यययुक्त रूपे उत्तरार्धात ठेवली आहेत. आठव्या जागी अनेक चरणांत 'ती', 'हे', 'तो' अशी दर्शक सर्वनामे दिसतील. ती केवळ जागा भरण्यासाठी ठेवलेली नाहीत, कारण 'पुसट उमटली ती' येथे थांबल्यावर काय उमटले याची उत्सुकता यतीच्या पलीकडे 'रेघ' या शब्दाने पुरी होते, आणि 'भिजत जुळवती ती' नंतर 'पाखरे' येतात तेव्हाही तेच घडते. यतीने विभागलेली दोन अर्धी अर्थाने जोडलेली राहावीत, हा त्यामागचा हेतू आहे. 'गजबजति घरे ही' येथे मात्र दर्शक शब्द आधीच्या नामाकडे वळतो.

लघुगुरूंचे निर्णय

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न जोडाक्षरापूर्वीच्या अक्षराचा आहे. 'छप्पराहून' या शब्दात 'प्प' उच्चारताना मागच्या 'छ' वर स्पष्ट आघात येतो, म्हणून तो 'छ' ऱ्हस्व असूनही गुरू मानला आहे. 'कड्यांना' आणि 'झऱ्यांना' या शब्दांत मात्र 'ड्या' व 'ऱ्या' यांच्या उच्चाराने 'क' किंवा 'झ' वर आघात येत नाही. ती अक्षरे हलकी राहतात, म्हणून ती लघूच आहेत. संस्कृताचा नियम येथे यांत्रिकपणे लावला तर तेराव्या जागी गुरू येऊन शेवटचा य गण बिघडेल, परंतु मराठीत आघाताचा विचार उच्चारावरून करायचा असतो आणि 'तुझ्या' मधील 'तु' जसा लघू तसाच 'कड्यांना' मधील 'क' आहे. 'रात्र' व 'सूर्य' या शब्दांतील पहिली अक्षरे मुळातच दीर्घ असल्यामुळे गुरू आहेत, तर 'त्र' व 'र्य' ही अक्षरे स्वतः जोडाक्षरे असूनही त्यांच्या पुढे जोडाक्षर नसल्याने लघू आहेत. शब्दाच्या आरंभी येणारे जोडाक्षर फक्त 'क्षणभर' मध्ये आहे आणि ते चरणाच्या प्रारंभी असल्याने मागच्या लघूचा प्रश्नच उद्भवत नाही.

अनुस्वारामुळे गुरू झालेले ऱ्हस्व अक्षर 'मंद' या शब्दातील 'मं' हे एकच आहे. 'थेंब', 'बांध', 'घोंगडी' यांतील अनुस्वारयुक्त अक्षरे स्वरानेच दीर्घ आहेत. 'तृणदल' मधील 'तृ' लघू आहे, कारण ऋ हा ऱ्हस्व स्वर असून तृ हे जोडाक्षर नव्हे.

बोलताना आपण 'अवखळ बळ' चा उच्चार 'अव्खळ् बळ्' असा करतो आणि त्यात तीनच अवयव ऐकू येतात. अक्षरगणवृत्तात मात्र लिहिलेले प्रत्येक अकारान्त अक्षर पूर्ण म्हणायचे असते, म्हणून येथे अ, व, ख, ळ, ब, ळ अशी सहा लघू अक्षरे धरली आहेत. या पठणाच्या संकेतावाचून मराठीत मालिनी उभीच राहू शकत नाही.

वृत्तासाठी ऱ्हस्व केलेली रूपे थोडी आहेत आणि ती सर्व काव्यात रूढ आहेत. 'अजून', 'थकून', 'निघून', 'परतून' यांतील ऊ ऱ्हस्व करून 'अजुन', 'थकुन', 'निघुन', 'परतुन' असे लिहिले आहे. 'गजबजती' चे 'गजबजति' आणि 'वाऱ्याची' चे 'वाऱ्याचि' झाले आहे. 'धरुनी' मध्ये रु ऱ्हस्व आणि 'पांघरूनी', 'बांधावरूनी' यांत रू दीर्घ घेतला आहे, कारण ऊन व ऊनी प्रत्ययांतील स्वर जागेनुसार ऱ्हस्व वा दीर्घ घेण्याची मुभा कवितेला आहे. अर्थ किंवा व्याकरण यांना धक्का लागेल अशी सूट कोठेही घेतलेली नाही.

चरणाच्या शेवटी ऱ्हस्व अक्षर आल्यास ते गुरू मानण्याची सवलत शास्त्राने दिली आहे, परंतु वीसही चरण 'ची', 'णी', 'चा', 'ही', 'ना', 'ले', 'नी', 'पे', 'री', 'ला' अशा दीर्घान्त अक्षरांवर संपत असल्यामुळे तिचा आधार घ्यावा लागलेला नाही. यमक प्रत्येक श्लोकात पहिल्या दोन व शेवटच्या दोन चरणांत जोडीने साधले आहे.