दहा तासांचा दिवस मिळावा म्हणून गिरणी कामगारांचा अर्ज

(इयत्ता नववी, इतिहासाचा उपक्रम. बाईंनी दिलेले काम: साल १९२०, आपल्या भागातली एक सूतगिरणी, तिथल्या कामगारांनी मालकाला केलेला अर्ज लिहा. गिरणी मी मनाने उभी केली आहे आणि अर्जातले प्रसंगही. कायदे आणि मुंबईच्या हकिगती मात्र खऱ्या आहेत. तेव्हा बेळगाव मुंबई इलाख्यात होते आणि शेजारचे शहापूर सांगली संस्थानात, हे वाचताना ध्यानात ठेवावे. गिरणीतले बहुतेक लोक अंगठा उठवणारे असणार, म्हणून त्यांच्या सांगण्यावरून एका शिकलेल्या माणसाने हा कागद लिहिला असे मी धरले आहे. भाषा त्यामुळे थोडी कचेरीतली झाली आहे.)

मुक्काम बेळगाव
रविवार, ता. १४ मार्च १९२०

मेहेरबान मालकसाहेब व मॅनेजरसाहेब यांचे सेवेशी,

आपल्या सूतगिरणीतील पिंजण, कताई, रीळ व गठ्ठे बांधण्याच्या खात्यांतील आम्ही ३१२ कामगार, बायामाणसे धरून, यांचा कृतानेक नमस्कार. विनंती अर्ज ऐसा की,

आमचा भोंगा पहाटे पाच वाजता पहिल्यांदा होतो. सहाला फाटक बंद होते. त्यानंतर संध्याकाळी साडेसहाला ते उघडते. मध्ये भाकरीसाठी अर्धा तास. म्हणजे कामाचे तास बारा भरतात आणि सरकारने १९११ साली केलेल्या कायद्यात पुरुष माणसाला बारा तासांची मर्यादा आहे, तेव्हा आपण कायद्याबाहेर गेलात असे आमचे म्हणणे नाही. आमचे म्हणणे एवढेच की कायद्याने बारा तासांच्या वर जाऊ नका असे सांगितले आहे, बारा भरलेच पाहिजेत असे कोठे सांगितलेले नाही.

आणि हे बारा तास फाटकाच्या आतले झाले. आमच्यातील निम्मेअधिक लोक कंग्राळी, काकती, हिंडलगा, येळ्ळूर, धामणे अशा गावांहून पायी येतात. येळ्ळूरच्या माणसाला पहिला भोंगा ऐकू येत नाही, तो कोंबड्याच्या आरवण्यावर निघतो. उशीर झाला तर अर्ध्या दिवसाचा खाडा लागतो, म्हणून तो फार लवकर निघतो व फाटकाबाहेर अंधारात बसून राहतो. आषाढ-श्रावणात आपल्याकडे पाऊस कसा कोसळतो हे साहेबांस ठाऊक आहे. घोंगडे डोक्यावर घेऊन आलेला माणूस ओल्या अंगाने साच्यावर उभा राहतो आणि ते कपडे त्याच्या अंगावरच वाळतात. परत घरी जाईपर्यंत पोरे निजलेली असतात. एका कामगाराची धाकटी मुलगी त्याला रविवारी पाहून रडली, परका माणूस घरात आला म्हणून. आम्ही हसलो तेव्हा. तोही हसला.

आता घड्याळाची गोष्ट. ती लिहावी की न लिहावी यावर आमच्यात दोन रविवार वाद झाला, पण लिहिलेली बरी. गिरणीत घड्याळ एकच आहे आणि ते मॅनेजरसाहेबांच्या खोलीत आहे. आम्हाला वेळ कळते ती भोंग्याने आणि मुकादमाच्या तोंडून. संध्याकाळची पॅसेंजर गाडी स्टेशनात शिट्टी देते ती आम्हाला ऐकू येते. पूर्वी आमची सुटी झाल्यावर घराच्या वाटेवर ती शिट्टी ऐकू येत असे. दिवाळीपासून साच्यावर उभे असतानाच ऐकू येते. गाडी लवकर येऊ लागली असेल तर आमची काही तक्रार नाही. परंतु एक मोठे घड्याळ फाटकावर, आतून व बाहेरून दिसेल असे लावावे, म्हणजे कोणाच्या मनात किल्मिष राहणार नाही. त्याला जो खर्च येईल त्यात आम्ही माणशी एक आणा घालण्यास तयार आहोत.

साहेब विचारतील की तास कमी केले तर सूत कमी निघेल, त्याचे काय. याचे उत्तर आम्ही साच्यावर शोधले. कताई खात्यातील एकाने आठ दिवस कोळशाने भिंतीवर रेघा ओढल्या, तुटलेला धागा जोडला की एक रेघ. (ती भिंत दुसऱ्या दिवशी पुसून घेतली आहे, मुकादमाने रागावू नये.) सकाळच्या पहिल्या दोन तासांच्या रेघा एका ओळीत मावल्या. संध्याकाळच्या शेवटच्या दोन तासांच्या रेघांनी दोन ओळी भरून तिसरी निम्मी झाली. साचा तोच, कापूस तोच, माणूसही तोच, पण डोळ्याला धागा दिसत नाही आणि बोटाला पीळ लागत नाही. धागा सुटू नये म्हणून खिडक्या बंद ठेवतात व वाफ सोडतात, त्या कोंदट हवेत पिंजलेल्या कापसाचे तूस दिवसभर नाकातोंडात जाते. त्या वेळी निघणारे सूत गाठींचे असते, बाजारात त्याला भाव येत नाही, आणि दंड मात्र आमच्या पगारातून जातो. तेव्हा ते शेवटचे दोन तास आपल्यालाही परवडत नाहीत.

दुसरा आक्षेप आम्हाला ठाऊक आहे. मुंबईचे मालकही तोच घेत असत. तो असा की मजूर बारा तास थोडेच काम करतो. पाण्याला जातो, विडी ओढतो, आवारात झाडाखाली बसतो, एकदोन तास असेच जातात. हे खोटे नाही. माणूस बारा तास सलग उभा राहू शकत नाही म्हणून तो बसतो. बैलालासुद्धा दुपारी औत सोडून सावलीला बांधतात. दहा तासांचा दिवस आणि दुपारी पुरता एक तास मिळाला तर मधल्या वेळी आवारात कोणी दिसणार नाही, याची हमी आम्ही खातेवार घेतो. ज्या खात्यात हे मोडेल त्या खात्याने आपापसात काय करायचे तेही ठरले आहे.

यंदाच्या जानेवारीत मुंबईस मोठा संप झाला आणि आता तेथील गिरण्यांत दहा तासांचा दिवस मान्य झाला आहे. गेल्या साली अमेरिकेत वॉशिंग्टन येथे सर्व देशांची मजुरांविषयी परिषद भरली, तिच्यात हिंदुस्थानच्या कारखान्यांसाठी आठवड्याचे साठ तास ठरले. सहा दिवस दहा-दहा तास धरले तर तितकेच होतात. आम्ही जगावेगळे काही मागत नाही. तीस वर्षांपूर्वी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने १८९० साली मुंबईच्या गिरण्यांस रविवारची सुटी मिळाली, तेव्हाही धंदा बुडेल असे म्हणणारे होते. गिरण्या बुडाल्या नाहीत, पुढे वाढल्याच. संपाचे नाव आम्ही येथे घेतले ते बातमी म्हणून घेतले. आमच्यापैकी कोणाला महिनाभर चूल बंद ठेवणे झेपणार नाही हे आम्ही जाणतो, आणि तेजीच्या दिवसांत साचे बंद राहणे साहेबांनाही झेपणार नाही.

रविवारवरून आठवले. सुटीच्या दिवशी सकाळी साचे पुसायला बोलावतात, त्यात दुपार होते. ते काम शनिवारी संध्याकाळी तासभर साचे थांबवून करून घ्यावे.

बायांविषयी वेगळे लिहिणे भाग आहे. कायद्याने त्यांना अकरा तासांच्या वर ठेवता येत नाही. परंतु फाटक साडेसहाला एकदाच उघडते, त्यामुळे रीळ खात्यातील बाया काम संपवून भिंतीशी बसून राहतात. तो तास पुस्तकात सुटीचा असेल, त्यांच्या घरच्या चुलीला त्याचा उपयोग नाही. तान्ह्या पोरांच्या आयांचे हाल आम्ही येथे लिहीत नाही, साहेबांनी संध्याकाळी एकदा त्या भिंतीकडे यावे. मुलांना सहाच तास आहेत, पण सकाळच्या पाळीची काही मुले दुसऱ्याच्या तिकिटावर दुपारीही दिसतात. यात आईबापांचाही दोष आहे, तो आम्ही कबूल करतो. दोन वर्षांमागे पाऊस गेला, ज्वारी महागली, त्याच वर्षी इन्फ्लुएंझाने घरेच्या घरे मोकळी केली. ज्या घरात कमावता गेला तेथे पोराचा पगार सुटत नाही. म्हणून तास कमी करताना पगारास हात लावू नये अशी आमची कळकळीची विनंती आहे. पगार कापून दिलेले दोन तास आम्हाला पुन्हा कोठेतरी विकावेच लागतील.

आमच्यात शहापूर-वडगावचे विणकर आहेत, ज्यांचे हातमाग गिरणीच्या कापडापुढे बसले. तीन जण मराठा पलटणीतून मेसोपोटेमियाला जाऊन आलेले आहेत. त्यांच्यातील एक म्हणतो, पलटणीत पहाऱ्याची पाळी संपली की संपते, दुसरा येतो. येथे दुसरा कोणी येत नाही. त्याचे बोलणे जसेच्या तसे लिहिले, कमीजास्त असेल तर क्षमा असावी.

तरी येत्या पाडव्यापासून गिरणी सकाळी सातला सुरू होऊन संध्याकाळी सहाला सुटावी, बारा ते एक साचे बंद राहावे, बायांना पाचला फाटक उघडावे, मुलांची तिकिटे दोन्ही पाळ्यांस तपासावी, आणि फाटकावर घड्याळ लावावे. पाडव्याला आठच दिवस आहेत. तेवढ्यात सगळे होणे नसेल तर घड्याळ तरी आधी लावावे.

या अर्जास उत्तर तोंडी न देता कागदावर द्यावे व तो कागद फाटकाशी डकवावा. वाचणारे आमच्यात चौदा जण आहेत, ते बाकीच्यांना सांगतील.

कळावे, लोभ असावा, ही विनंती.

आपले आज्ञाधारक,
गिरणीतील समस्त कामगार

ता. क. सह्या व अंगठे सोबतच्या कागदावर गोल फिरवून केले आहेत. पहिला कोण असे विचारू नये, गोलाला पहिले टोक नसते. हा अर्ज मराठीत लिहिला असला तरी आमच्यातील कानडी बोलणाऱ्या भावाबहिणींना तो ओळ न ओळ कानडीत सांगून मगच त्यांचे अंगठे घेतले आहेत. त्यांनी एक दुरुस्ती सुचविली, ती घड्याळाची. माणशी आणा आम्हीच का घालायचा, असे त्यांचे म्हणणे पडले. ते बरोबर वाटले, पण कागद लिहून झाला होता.